फलाट बदलल्याची घोषणा: काय दोनदा सांगायचं, काय एकदाही नाही

प्रश्न: "मी बसस्थानकावर माइकवर बसतो. फलाट बदलला की मी असं वाचतो: 'प्रवाशांना कळविण्यात येते की, संध्याकाळी पावणेसहा वाजता सुटणारी पिंपळवाडी बस काही अपरिहार्य कारणास्तव फलाट क्रमांक सहावरून सुटणार नसून ती फलाट क्रमांक दहावरून सुटेल, तरी प्रवाशांनी याची नोंद घ्यावी.' तीन-तीनदा वाचतो, आवाजही पूर्ण मोठा असतो, तरी निम्मे लोक सहावरच उभे राहतात. शब्द बदलून काही फरक पडेल का?"

फरक पडेल, आणि बराच पडेल. तुमचे प्रवासी दुर्लक्ष करत नाहीत. गोंगाटात त्यांच्या कानावर जेवढं पडतं त्यातून अर्थ लावला, तर "सहावर थांबा" असाच लागतो. ते तुमचंच ऐकून तिथे उभे आहेत.

मी अनेक वर्षं माइकवर बसलो आणि पुढे नव्या घोषकांना शिकवलं. सुरुवातीच्या काळात एका स्थानकावर मी सांगितलं होतं, "गाडी आज फलाट चारवर येणार नाही." थोड्या वेळाने खाली जाऊन पाहतो तो चारवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. पिशव्या सांभाळत बसलेल्या एका आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलंत ना, चारवर येणार म्हणून?" शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. माझं "नाही" इंजिनाच्या आवाजात गेलं होतं, आणि उरलेलं वाक्य व्याकरणाने पूर्ण होतं. त्या दिवसापासून मी घोषणेचा कागद वेगळ्या नजरेने वाचायला लागलो.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "येणार नाही", "सुटणार नाही", "थांबत नाही" या सगळ्यांत शेवटचा एक शब्द गेला की अर्थ बरोब्बर उलटा होतो. त्यात वाक्याच्या शेवटी आपला श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली जातो, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा शब्द सगळ्यात दुबळ्या जागी. तुमचं "सुटणार नसून" तर त्याहून नाजूक आहे. "नसून" आणि "असून" यांत फरक एका "न"चा, आणि कर्ण्यातून "न" फार पुसट येतो. म्हणून माझा पहिला नियम असा की फलाट बदलाच्या घोषणेत नकारार्थी वाक्य असूच नये. "फलाट बदलला आहे" म्हणा. हे होकारार्थी आहे, आणि यातला "आहे" गेला तरी "फलाट बदलला" उरतं.

दुसरी गोष्ट, जुना आकडा. तुमच्या वाक्यात सहाही आहे आणि दहाही आहे, आणि दोन्हींना प्रत्यय एकच: सहावरून, दहावरून. कोणता जुना आणि कोणता नवा हे फक्त मधल्या "नसून"वर ठरतं. शिवाय रोजच्या प्रवाशाच्या मनात सहा आधीच बसलेला असतो. तो ऐकू आला की त्याला वाटतं, "हं, सहाच." आता तुमचं वाक्य पुन्हा पाहा. "पावणेसहा"मध्येही एक सहा आहे! म्हणजे एका घोषणेत सहा दोनदा आणि दहा एकदाच. वर सहा आणि दहा हे शब्द यमकात बसणारे, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. तुम्ही ती तीनदा वाचता तेव्हा "सहा" हा शब्द सहा वेळा जातो आणि "दहा" तीनदा. चुकीची माहिती तुम्ही दुप्पट वेळा सांगता आहात.

म्हणून जुना फलाट उच्चारायचाच नाही. "सहाऐवजी दहा" हेसुद्धा नको. प्रवाशाला कुठून जायचं आहे हे सांगायची गरज नसते, तो तिथेच उभा असतो. त्याला कुठे जायचं तेवढं हवं.

आता व्यंजनं का हरवतात ते थोडक्यात सांगतो, कारण शब्दांची निवड त्यावरच ठरते. स्वर लांब आणि जाड असतात, त्यांची ताकद खालच्या पट्टीत असते. स, त, ठ, द, प यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग छोटा, पातळ आणि बराचसा वरच्या पट्टीत असतो. गर्दीचा कल्ला आणि इंजिनाची घरघर यांतून स्वर तरून येतात, व्यंजनं झाकली जातात. मग "सहा" आणि "दहा" दोन्ही "–अहा" होतात. "सात", "साठ" आणि "आठ" एकमेकांत मिसळतात, "सतरा" आणि "अठरा"ही. यावर ओरडणं हा उपाय नाही. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं त्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि अॅम्प्लिफायर फाटायला लागला तर उरलीसुरली व्यंजनंही जातात. तुम्ही आवाज पूर्ण मोठा ठेवता म्हणालात, तो थोडा कमी करून पाहा. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे "फ" आणि "प"चा फुस्कारा त्यावर आदळणार नाही.

मराठी आकड्यांची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे वीसच्या पुढे प्रत्येक संख्येला स्वतंत्र, जोडून गेलेलं नाव आहे, आणि नेमका फरक करणारा तुकडा सुरुवातीला असतो. "एकोणसाठ"मधला "एकोण" गेला तर साठ उरतं. "सदतीस", "अडतीस", "पस्तीस", "छत्तीस" या सगळ्यांचं शेपूट एकच. "साडेपाच"मधलं "साडे" गेलं तर पाच, "पावणेसहा"मधलं "पावणे" गेलं तर सहा. म्हणजे शब्दाचा तुकडा हरवला की ऐकणाऱ्याला अर्धवट काही ऐकू येत नाही, पूर्ण पण चुकीचा आकडा ऐकू येतो. आपण चुकीचं ऐकलं अशी त्याला शंकाही येत नाही.

इथे पुनरुक्तीचा खरा उपयोग आहे. तोच शब्द तसाच दोनदा म्हटला तर त्याची दुबळी बाजूही दोनदा तीच राहते. "दहा, दहा" म्हटलं आणि "द" दोन्ही वेळा झाकला गेला, तर हाती काही लागत नाही. म्हणून मी दुसऱ्यांदा सांगताना रूप बदलतो. "दहा. एक शून्य, दहा." ज्याला "–अहा" ऐकू आलं, त्याला "शून्य"ने उलगडा होतो, कारण सहामध्ये शून्य नाही. पण नुसतं "फलाट एक शून्य" म्हणू नका, "शून्य" गेलं तर "फलाट एक" उरेल. अंकवार रूप नेहमी दोन पूर्ण नावांच्या मधे ठेवायचं. सदतीस असेल तर "सदतीस. तीन, सात. सदतीस." विमानांच्या रेडिओवरही हीच जाणीव दिसते. तिथे इंग्रजीतला "नाइन" मुद्दाम "नायनर" असा म्हणतात, म्हणजे तो "फाइव्ह"मध्ये मिसळत नाही.

एकअंकी फलाटाला अंकवार रूप नसतं. तिथे मी खूण जोडतो. "फलाट सहा, जिन्याखालचा", "फलाट सात, शेवटचा". खूण म्हणजे त्याच माहितीचं दुसरं रूप. आकडा हरवला तरी माणूस जिन्याकडे चालू लागतो आणि तिथे पोचल्यावर पाटी वाचतो. खूण निवडताना ती प्रवाशाला उभ्या जागेवरून दिसते का एवढं बघा. "कार्यशाळेच्या बाजूचा" हे कर्मचाऱ्यांना कळतं, प्रवाशाला नाही.

आता क्रम. गोंगाटात उभा असलेला माणूस सतत ऐकत नसतो. स्वतःच्या गावाचं नाव कानावर पडलं की त्याचे कान उघडतात. त्याआधी सांगितलेलं सगळं त्याच्यासाठी वाया जातं. तुमच्या वाक्यात "पिंपळवाडी"च्या आधी वेळ येते, म्हणजे ज्याच्यासाठी ती आहे तो अजून ऐकायला लागलेलाच नसतो. आधी हाक, मग गाव, मग गाव पुन्हा एकदा, आणि त्यानंतर फलाट. गाव दोनदा घ्यायचं कारण असं की पहिल्याने मान वर होते आणि दुसऱ्याने खात्री पटते. "वाडी"ने संपणारी दोन-तीन गावं एकाच स्थानकावरून सुटत असतील तर हे फारच गरजेचं, कारण गर्दीत "–वाडी" तेवढं स्पष्ट येतं.

"फलाट" हा शब्द आकड्याच्या लगेच आधी प्रत्येक वेळी यायला हवा. यामागे चांगला आधार आहे. १९५१ मध्ये मिलर, हाइझ आणि लिक्टन या तीन संशोधकांनी गोंगाटात लोकांना निरनिराळे शब्द ऐकवले. ज्या गोंगाटात निरर्थक अक्षरं जवळजवळ कळेनाशी झाली, त्यात आकडे मात्र ओळखता येत होते. आकडे काही जादूचे नव्हते. ऐकणाऱ्याला ठाऊक होतं की येणारा शब्द मोजक्या पर्यायांपैकीच एक असणार. "फलाट" ऐकलं की तुमच्या प्रवाशालाही कळतं, आता एक ते बारामधलाच एखादा शब्द येणार, आणि त्याचा कान निवड करायला तयार होतो. त्यासाठी शब्द एकच ठेवा. कधी फलाट, कधी प्लॅटफॉर्म, कधी "क्रमांक" जोडून, असं केलं तर ही तयारी होत नाही. "क्रमांक" मी सोडूनच देतो. त्याने वेळ जातो आणि आकड्याला शब्दांची दाटी होते.

आता तुमची घोषणा मी अशी लिहीन. प्रत्येक ओळीनंतर थांबायचं आहे. पाण्याची टाकी मी कल्पनेने घातली आहे, तुमच्याकडे जे असेल ते घाला.

लक्ष द्या. लक्ष द्या.
पिंपळवाडी. पिंपळवाडीचे प्रवासी.
फलाट बदलला आहे.
पिंपळवाडीची बस, आता फलाट दहा.
एक शून्य, दहा.
पाण्याच्या टाकीशेजारचा फलाट. दहा.
वेळ तीच. पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं.
पिंपळवाडी, फलाट दहा.

गाव चारदा आलं, दहा चारदा आला, सहा एकदाही नाही. "बदलला" एकदाच आहे, कारण तो हरवला तरी "पिंपळवाडी, फलाट दहा" एवढ्यावर काम भागतं. वेळ बदललेली नाही, म्हणून ती एकदाच, तीही फक्त पिंपळवाडीच्या एकाहून जास्त बस असतील तर कोणती हे ओळखण्यासाठी. दिवसाला एकच बस असेल तर ती ओळ काढून टाका. एरवी मी वेळेचीही दोन रूपं देतो, "पाच वाजून पंचेचाळीस मिनिटं, पावणेसहा", पण इथे "पावणेसहा" मुद्दाम वगळलं आहे, ते वर आलंच. वेळ बदलली असती तर वेळेलाही फलाटासारखीच वागणूक द्यावी लागली असती. "अपरिहार्य कारणास्तव" आणि "नोंद घ्यावी" गेले. लोकांना कारण लागतं हे मला मान्य आहे, पण ते चौकशी खिडकीवर सांगता येतं.

समुद्रावर संकटात सापडलेलं जहाज रेडिओवर बोलतं तेव्हाही हाच हिशेब असतो. "मेडे" तीनदा, जहाजाचं नाव तीनदा, आणि मग ठिकाण, काय झालं, कसली मदत हवी हे क्रमाने. सगळा निरोप सरसकट तिप्पट करत नाहीत. जे हरवलं तर बाकीचं निरुपयोगी ठरेल, तेच जास्त वेळा म्हणतात. तुमच्याकडे अशा दोनच गोष्टी आहेत, गाव आणि नवा फलाट.

थांबण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण कागद चांगला असूनही इथे घोटाळा होतो. स्थानकावर सहसा एकाहून जास्त कर्णे असतात. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा, प्रवासी एका कर्ण्याजवळ उभा आहे आणि पुढचा कर्णा ७० मीटरवर आहे. त्याला तुमचा प्रत्येक शब्द सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने उशिरा पुन्हा ऐकू येतो. घोषणेसाठी मी सेकंदाला चार अक्षरांच्या आसपास बोलतो, म्हणजे पाठीमागून येणारी प्रत जवळजवळ एक अक्षर मागे असते आणि थेट पुढच्या अक्षरावर बसते. वर छप्पर आणि काँक्रीटच्या भिंती असतील तर शेपूट आणखी लांबते. "फलाट दहा" म्हणून लगेच पुढचा शब्द घेतला, तर "दहा"ची प्रत आणि नवा शब्द एकमेकांना भिडतात. तिथे एक पूर्ण सेकंद गप्प राहिलात तर ती प्रत मोकळ्या जागेत विरते आणि उलट "दहा" पक्का करून जाते. म्हणून थांबा नेहमी आकड्याच्या नंतर हवा. नवीन घोषक बहुधा आकड्याच्या आधी थांबतात, उत्सुकता वाढवल्यासारखं, आणि आकडा झाला की पुढे धावतात. "दहा" म्हणताना आवाज खाली सोडू नका, वाक्य अजून बाकी आहे असाच सपाट ठेवा. अशा तऱ्हेने वरचा कागद वाचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो.

मग हे सगळं परत किती वेळा? पुनरुक्ती दोन प्रकारच्या गोंगाटांसाठी असते. हॉर्न, रडणारं मूल, शेजारच्याची हाक हे दोन-तीन सेकंदांचे अडथळे. त्यांच्यासाठी घोषणेच्या आतली पुनरुक्ती पुरते, कारण एक "दहा" बुडाला तरी पुढचा वर राहतो. पण बस मागे घेताना इंजिन अर्धा-पाऊण मिनिट गुरगुरत राहतं, तेव्हा अख्खी घोषणाच बुडते. लगेच दुसऱ्यांदा वाचली तर तीही त्याच आवाजात बुडते. तुमच्या तीन वाचनांपैकी दोन बहुधा अशीच गेली असणार. म्हणून पहिलं वाचन झालं की माइक बंद करा, खिडकीतून बाहेर बघा, इंजिन थांबू द्या आणि मग दुसरं करा. मी साधारण एक मिनिटाचं अंतर ठेवतो आणि बस सुटायच्या पाच मिनिटं आधी तिसरं वाचन करतो. बदल अगदी आयत्या वेळी झाला असेल तर एवढी मुभा नसते. तेव्हा हाक, गाव, फलाट, खूण एवढंच घ्या आणि वेळेची ओळ गाळा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. दोन भाषांत घोषणा करत असाल तर दुसरी भाषा हीच एक पुनरुक्ती आहे, कारण त्या भाषेतला दहा वेगळ्या ध्वनींचा असतो. मग मराठीतली एखादी ओळ कमी करता येईल. रोजच्या, न बदललेल्या बससाठी हा लांब कागद वापरू नका. प्रत्येक बसला चारदा आकडा ऐकवला तर लोक आवाज ऐकायचंच सोडतात, आणि बदलाच्या वेळी ती सवय नडते. साध्या बसला गाव, फलाट आणि शेवटी एकदा गाव-फलाट पुरे. कर्ण्याचा पडदाच फाटला असेल किंवा दोन फलाटांच्या मधे आवाज पोचतच नसेल, तर शब्द कितीही चांगले असले तरी काही होणार नाही. तो कर्णा दुरुस्त करावा लागेल.

ते कसं ओळखायचं? गर्दीच्या वेळी सगळ्यात वाईट जागी, बहुतेक ती दोन कर्ण्यांच्या मधोमध असते, तीन-चार जणांना कागद-पेन्सिल देऊन उभं करा. रोज घोषणा ऐकणारे कर्मचारी नकोत, त्यांना न ऐकताही कळतं. तुम्ही माइकवरून एक ते बारा आकडे उलटसुलट क्रमाने "फलाट" लावून वाचा, त्यांनी ऐकलं ते लिहायचं, अंदाज वाटला तर शेजारी फुली मारायची. कागद जुळवले की कोणती जोडी घसरते ते दिसतं. सगळेच आकडे चुकत असतील तर दोष यंत्रात आहे. ठरावीक जोड्याच चुकत असतील, तुमच्याकडे बहुधा सहा-दहा आणि सात-आठ, तर तो शब्दांनी सुटतो. वाहतूक नियंत्रकाशी बोलून पाहा, शक्य असेल तेव्हा सहाची बस दहाला न देता नऊला किंवा अकराला देता येते का. मला एका ठिकाणी एवढ्या एका बदलाने फार मदत झाली.

घोषणा कागदावर लिहिताना आकडे अक्षरांत लिहा, "१०" असं नको. घाईत डोळ्यांना "१०" दिसतं आणि तोंडातून एकदाच "दहा" निघून जातं. "दहा. एक शून्य, दहा." असं लिहिलेलं असलं की तसंच वाचलं जातं. कोरे नमुने आधीच तयार ठेवा, गाव, फलाट आणि खूण यांच्या जागा मोकळ्या सोडून. फलाटागणिक खूण एकदाच ठरवा आणि तुमच्यानंतर पाळीवर येणाऱ्यालाही तीच यादी द्या. सकाळी "टाकीशेजारचा" आणि संध्याकाळी "कँटीनसमोरचा" असं झालं तर रोजचे प्रवासी गोंधळतात.

दुसऱ्या वाचनानंतर कुणाला तरी सहाकडे पाठवून किती जण अजून उभे आहेत ते बघायला सांगा. चार-पाच जण असतील तर तिसरं वाचन करण्यापेक्षा त्याच माणसाने तिथे तोंडाने सांगितलेलं बरं. तीस-चाळीस असतील तर इंजिन थांबलेलं बघून पुन्हा माइक घ्या.